'सेक' म्हणजे कोरडी, मग ती गोड का लागली? फ्रेंच वाईनच्या लेबलवरचे तीन शब्द

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मसुदा. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

सुरुवात एका फोटोपासून. आपल्या एका श्रोत्याने पॅरिसच्या विमानतळावरून बाटलीचा फोटो पाठवला. आईबाबांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे, केक कापायचाय, आणि केकबरोबर ही शॅम्पेन उघडायचा बेत आहे. बाबांनी आयुष्यात वाईन दोनदा चाखलीय, आईने एकदाही नाही. लेबलवर लिहिलंय: शॅम्पेन, ग्राँ क्र्यू, ब्रूत नात्यूर. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता, "ताई, घेऊ का? महाग आहे, पण ग्राँ लिहिलंय."

मी त्याला तिथल्या तिथे काय कळवलं ते शेवटी सांगते. आधी माझी फजिती ऐका, कारण त्या प्रश्नाचं उत्तर मला याच फजितीतून मिळालं.

मी शिकायला एक वर्ष तूर नावाच्या गावात होते. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठावर आहे ते. एका वयस्कर बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. बाईंना मी 'मादाम' म्हणायचे. ३१ डिसेंबरला त्यांनी मला खाली जेवायला बोलावलं. ताटात कालवं, कच्ची, वर लिंबू. मी म्हटलं, शॅम्पेन माझ्याकडून. फ्रेंच शिकून चारच महिने झाले होते, पण 'सेक' म्हणजे कोरडा एवढं पक्कं ठाऊक होतं. कालवांबरोबर कोरडी वाईन चांगली, हेही कुठेतरी वाचलं होतं. दुकानात 'सेक' लिहिलेली शॅम्पेन दिसली, एस-ई-सी, सवलतीत होती. महिन्याच्या खर्चातले बरेचसे युरो तिथे गेले.

मादामनी पहिला घोट घेतला, मग एक कालव खाल्लं आणि ग्लास हळूच बाजूला ठेवला. काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं. मग मी घोट घेतला. गोड! सरबतासारखी नाही, पण स्पष्ट गोड. समुद्राच्या खारट चवीवर ते गोड पाणी म्हणजे सुक्या बोंबलाच्या चटणीवर मध सोडल्यासारखं. मादाम उठल्या, बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "ही आपण शेवटी, नासपतीच्या टार्टबरोबर पिऊ." आणि खरंच, टार्टबरोबर ती छान लागली.

पण माझ्या डोक्यातला प्रश्न काही गेला नाही. शब्दकोश म्हणतो कोरडी, लेबल म्हणतं कोरडी, मग जीभ काय म्हणतेय?

तर बघा, वाईनमध्ये कोरडी म्हणजे साखर न उरलेली. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल करतं. सगळी खाऊन संपवली तर वाईन कोरडी. मध्येच थांबलं तर उरलेली साखर जिभेला कळते. एवढं सरळ आहे. घोळ शॅम्पेनमध्ये आहे, कारण तिथे लेबलवरचा शब्द उरलेल्या साखरेबद्दल नसतो, नंतर घातलेल्या साखरेबद्दल असतो.

शॅम्पेन प्रांत थंड. द्राक्षं आंबट राहतात, आणि त्यांची पहिली साधी वाईन पूर्ण कोरडी आणि दात आंबवणारी असते. ती बाटलीत भरताना त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत दुसऱ्यांदा आंबवण होतं, तयार झालेल्या वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाईनमध्येच विरघळतो. हेच ते बुडबुडे. यीस्टने ही साखरही संपवलेली असते, म्हणजे या घडीला बाटलीतली वाईन पुन्हा कोरडीच. मेलेलं यीस्ट गाळ होऊन तळाशी बसतं. मग बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करतात, गाळ मानेत जमतो, मान गोठवतात आणि झाकण उघडलं की आतल्या दाबाने गाळाचा बर्फाळ गोळा फट्कन बाहेर उडतो. थोडी वाईनही जाते. ती जागा भरून काढायला वरून वाईन घालतात, आणि या वाईनमध्ये बहुतेक वेळा साखर विरघळवलेली असते. याला म्हणतात दोझाज, म्हणजे मात्रा. डॉक्टरांच्या डोसचा सख्खा भाऊ.

हा शेवटचा डोस किती, हे लेबलवरचा शब्द सांगतो. एका लिटरमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर ब्रूत. १२ ते १७ असेल तर एक्स्ट्रा सेक, इंग्रजीत एक्स्ट्रा ड्राय. १७ ते ३२ म्हणजे सेक. ३२ ते ५० म्हणजे दमी-सेक, अर्धी कोरडी. त्याच्या वर दू, म्हणजे गोड, पण ती आता क्वचितच दिसते. आणि ब्रूतच्याही पलीकडे, जिच्यात साखर घातलीच नाही आणि जिच्यात लिटरमागे ३ ग्रॅमही नाही, ती ब्रूत नात्यूर.

हे आकडे पाठ करू नका. एकच गोष्ट धरून ठेवा: बुडबुड्यांच्या बाटलीवर 'सेक' किंवा 'ड्राय' दिसलं की ती ब्रूतपेक्षा गोड असणार. इटलीच्या प्रोसेक्कोलाही हाच नियम. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून लोक सगळ्यात कोरडी म्हणून उचलतात आणि घरी येऊन बुचकळ्यात पडतात.

आणि गोड म्हणजे किती गोड, तेही जरा आपल्या मापाने बघू. अमृततुल्यच्या छोट्या कपात, समजा १०० मिली चहात, दीड चमचा साखर म्हणजे साधारण ६ ग्रॅम. हिशोब केला तर लिटरला ६० ग्रॅम. म्हणजे फ्रेंच माणूस जिला उघड गोड म्हणतो ती शॅम्पेन आपल्या रोजच्या चहाच्या आसपास पोचते! माझी ती फसलेली बाटली समजा लिटरला २४ ग्रॅमची होती. १२५ मिलीच्या ग्लासात ३ ग्रॅम, चमचाभरही नाही. तरी कालवांबरोबर ती खटकली. आणि ब्रूतमध्ये १० ग्रॅम असले तरी ती गोड लागत नाही, कारण आंबटपणा ती साखर गिळून टाकतो. लिंबू सरबतात साखर असूनही लिंबू वर राहतं ना, तसं.

आता खरी गंमत. कोरडा म्हणणारा शब्द गोड बाटलीवर आलाच कसा? कोणी फसवायला लिहिला का? नाही.

एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन हे गोड पेय होतं. किती गोड, याचा पुरावा समुद्रातून वर आलाय. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात, ऑलांद बेटांजवळ, बुडालेल्या जुन्या जहाजात पाणबुड्यांना १६८ बाटल्या सापडल्या. शास्त्रज्ञांनी त्यातली शॅम्पेन तपासली, तर लिटरला १४० ग्रॅमच्या वर साखर निघाली. आजच्या कोल्ड्रिंकपेक्षाही जास्त. रशियाच्या बाजाराला तर याहूनही गोड लागायची.

अशा जगात ३० ग्रॅमची शॅम्पेन कोणी पुढे केली तर ती कोरडीच म्हणणार ना? कोल्हापुरातल्या खानावळीत "कमी तिखट द्या" म्हणून बघा. जे ताट येईल ते त्यांच्या मापाने खरोखरच कमी तिखट असतं. पुण्यामुंबईच्या माणसाच्या कानातून धूर निघतो, पण वाढप्याने खोटं काही सांगितलेलं नसतं. 'सेक' हे असलंच कमी तिखट आहे, दीडशे वर्षांपूर्वीच्या गोडखाऊ मापाने ठरलेलं.

मग चव बदलली. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांना जेवणाबरोबर पिण्याजोगी कमी गोड शॅम्पेन हवी होती. लुईझ पोमेरी या बाईंनी, नवऱ्यामागे धंदा सांभाळताना, १८७४ च्या पिकाची जी शॅम्पेन काढली ती ब्रूतच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. ब्रूत म्हणजे कच्चं, संस्कार न केलेलं, पैलू न पाडलेल्या हिऱ्यासारखं. म्हणजे गोडाचा शेवटचा संस्कार टाळलेली. मागणी आणखी कोरड्याकडे सरकत गेली, तसे त्या टोकाला नवे शब्द चिकटत गेले: एक्स्ट्रा ब्रूत, ब्रूत नात्यूर. जुना 'सेक' मात्र आपल्या जागेवरून हलला नाही. शिडीला खाली नवीन पायऱ्या जोडल्या, आणि पूर्वीची खालची पायरी मध्यभागी आली.

आता तुम्ही म्हणाल, ठीक, 'सेक' म्हणजे गोड, लक्षात ठेवलं. थांबा. इथेच मी दुसऱ्यांदा आपटले.

तूरपासून दहाएक किलोमीटरवर वूव्रे नावाचं गाव आहे. शनँ ब्लाँ नावाचं पांढरं द्राक्ष, तेच जे आपल्याकडे नाशिकला शेनिन ब्लांक म्हणून लावतात, तिथलं मुख्य पीक. डोंगराच्या मऊ पांढऱ्या दगडात गुहा खोदून त्यात वाईन ठेवतात. वसंतात मादाम मला तिथे घेऊन गेल्या. एका छोट्या उत्पादकाच्या गुहेत फळीवर बाटल्या मांडलेल्या, आणि मी शहाणपणाने म्हटलं, "सेक नको, मला गोड नको." मादाम हसल्या. त्या माणसाने मुकाट्याने 'सेक' ओतली. ठणठणीत कोरडी! कच्च्या सफरचंदासारखी, जीभ दोन्ही बाजूंनी ओढणारी.

कारण त्या बाटलीत बुडबुडे नव्हते. साध्या, बिनबुडबुड्याच्या वाईनवर 'सेक' लिहिलं की शब्दकोशातला अर्थ लागू होतो. नियमाने साखर लिटरला ४ ग्रॅमपर्यंत, वाईन चांगली आंबट असेल तर ९ पर्यंत. इथे शेवटचा डोस नाही. हा शब्द यीस्टने किती शिल्लक ठेवलं ते सांगतो. त्याच फळीवर दमी-सेक होती, थोडी गोडसर. तिची मर्यादा १२, किंवा आंबटपणा पुरेसा असेल तर १८. म्हणजे बघा, साधी दमी-सेक ही बुडबुड्यांच्या 'सेक'पेक्षा कमी गोड असू शकते! शब्दांवर गेलं तर उलटं वाटतं, पण दोघींचं मोजमाप वेगळं आहे. पुढे म्वालू. हा शब्द हाडाच्या नळीतल्या मज्जेवरून आलाय, तेवढी मऊ आणि गुबगुबीत. ती खरोखर गोड असते, आणि ऊबदार, लांबलेल्या शरदात द्राक्षं खूप पिकली तरच चांगली होते. थंड वर्षी तोच उत्पादक जास्त करून सेक आणि ब्रूत काढतो. एकाच बागेतलं एकच द्राक्ष, पण हवामान बदललं की लेबलवरचा शब्द बदलतो.

म्हणून बाटली हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा: बुडबुडे आहेत की नाहीत? बुचाकडे बघा. वर तारेची जाळी असेल तर बुडबुडे. मग 'सेक' म्हणजे गोडसर. जाळी नाही, साधं बूच, तर 'सेक' म्हणजे कोरडी. माझ्या त्या ३१ डिसेंबरच्या बाटलीला जाळी होती. मी फक्त शब्द वाचला होता.

आणि काहीच लिहिलं नसेल तर? फ्रान्सच्या बहुतेक रेड वाईनवर आणि शाब्ली, सांसेर अशा पांढऱ्या वाईनवर 'सेक' लिहीतच नाहीत, कारण त्या कोरड्याच असतात. पिठल्यावर 'तिखट' अशी पाटी लावत नाही कोणी. वूव्रेसारख्या, सगळ्या प्रकारच्या निघणाऱ्या वाईनवर मात्र शब्द नसला तर दुकानदाराला विचारावंच लागतं.

राहिला क्र्यू. सी-आर-यू. याच्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, आणि याच्यावर मी थोडक्यातच बोलणार आहे, कारण चवीबद्दल, निदान गोड की कोरडी याबद्दल, हा शब्द काहीच सांगत नाही.

क्र्यू म्हणजे उगवलेलं. वाईनमध्ये त्याचा अर्थ जागा: हे द्राक्ष या नावाजलेल्या जमिनीत उगवलं. देवगडचा हापूस म्हटल्यावर आंबा कुठला ते कळतं, पण समोरच्या वाटीत आमरस आहे की कैरीचं लोणचं, ते कळत नाही. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाईनची जी क्रमवारी लावली, तिच्यात लातूरची (आपलं लातूर नव्हे!) कोरडी रेड वाईन प्रीमिए क्र्यू आहे, आणि दीकेमची मधासारखी गोड पांढरी वाईन प्रीमिए क्र्यू सुपेरियर आहे. दोन्हींवर क्र्यूचा मान, चवीत जमीन-अस्मान.

त्यात आणखी एक खोच. प्रीमिए म्हणजे पहिला. बोर्दोच्या त्या यादीत पहिला म्हणजे खरंच सगळ्यात वरचा. पण बर्गंडीत ग्राँ क्र्यू सगळ्यात वर आणि प्रीमिए क्र्यू त्याच्याखाली, दुसऱ्या नंबरावर. आणि सेंट-एमिलियों गावात तर 'ग्राँ क्र्यू' हे जवळपास गावाच्या नावाचाच भाग झालंय, कितीतरी बाटल्यांवर दिसतं. तिथे खरी निवड सांगणारा शब्द त्याच्यापुढे येतो: क्लासे. तो नसेल तर नुसत्या 'ग्राँ'साठी जास्तीचे पैसे मोजताना मी दहादा विचार करीन.

शॅम्पेनमध्ये क्र्यू कुठून आला, ते मला फार आवडतं. तिथे द्राक्षांच्या भावाचं गाववार दरपत्रक होतं. वर्षाचा भाव ठरला की काही गावांना तो पूर्ण, शंभर टक्के मिळायचा, बाकीच्यांना त्याचा ठरलेला हिस्सा. शंभर टक्केवाली १७ गावं म्हणजे ग्राँ क्र्यू. आता दरपत्रकाची ती पद्धत गेली, पदवी उरली. म्हणजे शॅम्पेनवरचं 'ग्राँ क्र्यू' हा एका अर्थी द्राक्षबाजारातला जुना भाव आहे.

तर आता श्रोत्याचा फोटो. ग्राँ क्र्यू: द्राक्षं त्या १७ गावांपैकीची, किंमत त्यामुळे चढलेली. ब्रूत नात्यूर: शेवटी साखर शून्य. म्हणजे ही सगळ्यात कोरडी, सगळ्यात उघडीवाघडी शॅम्पेन. जाणत्याला ती आवडेल, खडूसारखा सुकेपणा, लिंबू, थोडा पावाचा वास. पण बेत होता केकचा. वरचं आइसिंग तोंडात असताना साखर नसलेली वाईन प्यायली की ती नुसती आंबट आणि कडसर लागते. जिलबी खाऊन लगेच संत्रं खाल्लंय कधी? तेच. आणि आईंचा हा आयुष्यातला पहिला घोट असणार होता.

मी त्याला लिहिलं, "केकच हवा असेल तर ही ठेव. त्याच फळीवर दमी-सेक शोध, ग्राँ क्र्यू नसली तरी चालेल. आणि ब्रूत नात्यूरच आवडली असेल तर केकच्या तासभर आधी उघड, खारवलेले काजू आणि तळलेले बोंबील घेऊन. केकला चहा ठेव."

त्याचा परत मेसेज आला, फोटोसकट. दमी-सेक, तारेची जाळी, किंमत पहिलीच्या जवळपास निम्मी. खाली लिहिलं होतं, "उरलेल्या पैशात आईला चॉकलेटं घेतली."